फुकट वाचता येतं म्हणून ते वाटता येत नाही

शनिवारी फोंड्याला एका कॉलेजच्या टेक्नॉलॉजी क्लबात थोडं बोललो. विषय होता इंटरनेटशिवाय चालणारं स्वतःचं ग्रंथालय. बऱ्याच जणांनी मुद्दे मागितले, म्हणून इथे टाकतोय.

सत्तरी, काणकोणकडच्या मुलांना हे वेगळं सांगायला नको. जुलैत वीज गेली की पाठोपाठ नेटवर्क जातं. म्हणून डिस्कवर पुस्तकं साठवायची, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत होतं. माझा वाद त्यापुढे सुरू होतो. तुमची डिस्क मित्र मागणार, मग त्याचा भाऊ मागणार. त्या क्षणी तुम्ही वाचक राहत नाही, वाटप करणारे होता. म्हणून फाइल घेतानाच तिचा परवाना बघा.

आपल्या गोव्याचंच उदाहरण घेऊ. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' हे मराठी ओवीबद्ध काव्य १६१६ साली राशोलला छापलं गेलं, आणि १६१९ मध्ये ते वारले. मूळ काव्यावर आज कुणाचाही हक्क नाही. ते टाइप करा, छापा, वाटा. पण तुम्हाला नेटवर मिळते ती पीडीएफ बहुधा आधुनिक आवृत्तीची असते. तिची प्रस्तावना, तळटीपा, गद्य भाषांतर हे सगळं संपादकाचं स्वतःचं लेखन. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं हक्क राहतो. म्हणजे संपादक समजा १९९० साली वारले असतील, तर त्यांचा भाग २०५० च्या अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचा. काव्य चारशे वर्षांचं, तरी हातातली पीडीएफ वाटता येत नाही! ज्ञानेश्वरीच्या आजच्या अर्थासहित आवृत्त्यांचंही तेच. पानावर 'मोफत डाउनलोड' लिहिलंय एवढ्याने काही होत नाही. परवाना लिहिलेला नसेल तर स्वतः वाचा, पुढे देऊ नका.

उलट बाजूही आपल्याकडेच आहे. गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोशाचे चार खंड २०१३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सच्या `CC BY-SA` परवान्याखाली खुले केले. मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो. हा परवाना मुख्यतः तीन गोष्टी मागतो. श्रेय द्या, बदल केला असेल तर तसं सांगा, आणि बदललेली प्रत वाटताना हाच परवाना ठेवा. मराठी विकिपीडियाच्या मजकुराचाही परवाना हाच. म्हणून मी क्लबला सांगितलं, सुरुवात या दोघांपासून करा.

विकिपीडिया पानापानाने उतरवायची गरज नाही. `download.kiwix.org` वर ती एकाच `.zim` फाइलमध्ये मिळते आणि किविक्स नावाच्या मोफत ॲपमध्ये उघडते, शोधासकट. फाइलच्या नावात `mr` म्हणजे मराठी, `maxi` म्हणजे चित्रांसह, `nopic` म्हणजे चित्रांशिवाय. शेवटी वर्ष-महिना असतो. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये या दोन आज्ञा द्या:

```
wget -c <फाइलचा पत्ता>
sha256sum <फाइलचं नाव>
```

`-c` मुळे डाउनलोड मध्येच तुटलं तरी तिथूनच पुढे चालू होतं. दुसरी आज्ञा एक लांबलचक आकडा देते. फाइलच्या पत्त्याला `.sha256` जोडून ब्राउझरमध्ये उघडलंत की तिथला आकडा दिसतो. दोन्ही जुळले पाहिजेत. हे टाळू नका, कारण खराब झालेली फाइल उघडते, मुखपृष्ठही दाखवते, आणि नेमका हवा तो लेख आला की अडकते.

दुसरी अडचण पेनड्राइव्हची. मोठ्या फाइली घेताना ३२ जीबीचा ड्राइव्ह रिकामा असूनही 'फाइल फार मोठी आहे' असा संदेश येतो, आणि मुलं ड्राइव्हलाच दोष देतात. ड्राइव्ह `FAT32` पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो, आणि त्यात ४ जीबीहून मोठी एक फाइल मावतच नाही. `exFAT` करून घ्या. त्याआधी आतला सगळा डेटा बाहेर काढा, फॉरमॅट केलं की तो पुसला जातो.

आणि प्रत्येक फाइलशेजारी एक साधी टेक्स्ट फाइल ठेवा:

```
नाव: मराठी विकिपीडिया
कुठून: download.kiwix.org
कधी घेतली: (तारीख)
परवाना: CC BY-SA 4.0
वाटता येते: हो
```

शेवटची ओळ मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. 'नाही' असलेल्या फाइली वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, म्हणजे कुणी डिस्क मागितली की फक्त 'हो'चा फोल्डर कॉपी करून देता येतो.

एका मुलीने विचारलं, "सर, मग ही प्रत जुनी नाही का होणार?" होणारच, डाउनलोड केलेल्या दिवशीच ती थांबते. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस सुरू व्हायच्या आधी, नवी फाइल उतरवा. तिचा आकडा जुळेपर्यंत जुनी पुसू नका.