वीस सीलिंग स्पीकरना एकच ॲम्प्लिफायर पुरतो

"ग्रुपवर फिरतंय की एका ॲम्प्लिफायरला चारच्या वर स्पीकर लावले की तो जळतो, दर चारांना वेगळा घ्या. शंभर व्होल्टची लाईन म्हणे छतात सतत जिवंत असते. लाईन शॉर्ट आहे का ते मल्टिमीटरने बघायचं. आमच्या मालवणच्या लॉजमध्ये जेवणघरात आठ, पडवीत दोन आणि कॉरिडॉरमध्ये दहा स्पीकर आहेत, सगळे शंभर व्होल्टचे. पाच ॲम्प घेऊ का?"

नको, मॅनेजरसाहेब. पाच ॲम्पचे पैसे फुकट जातील.

चारचा हिशेब घरातल्या ८ ओहमच्या स्पीकरचा आहे, आणि तिथे तो बराचसा खरा आहे. तसे वीस स्पीकर समांतर जोडले तर ०.४ ओहम होतात. कुठलाही साधा ॲम्प त्यावर बसेल. पण तुमच्या प्रत्येक स्पीकरच्या पाठीवर छोटा ट्रान्सफॉर्मर आहे, आणि स्पीकरने किती वॅट घ्यायचे ते त्याच्या टॅपवरून ठरतं, त्यामुळे ६ वॅटच्या टॅपवर तोच स्पीकर लाईनला सुमारे १६६७ ओहमचा वाटतो. म्हणून किती स्पीकर चालतील हे ठरवताना ओहमचा हिशेब करायचा नाही, वॅटची बेरीज करायची. जेवणघर आणि पडवीतले दहा ६ वॅटवर, म्हणजे ६०. कॉरिडॉरमधले दहा ३ वॅटवर, म्हणजे ३०. एकूण ९०. निदान वीस टक्के मोकळे ठेवायचे, म्हणून १२० वॅटचा एक ॲम्प घ्या. त्याच्या मागच्या पट्टीवर ४, ८, १६ ओहम आणि ७०, १०० व्होल्ट असे स्क्रू असतात. लाईन कॉमन आणि १०० वर लावा, आणि त्याच वेळी ओहमच्या स्क्रूंना काहीही जोडू नका.

लाईन सतत जिवंत नसते. व्होल्टेज आवाजाबरोबर चढतं-उतरतं, १०० पर्यंत जातं ते ॲम्प पूर्ण ताकदीने चालला तरच. मात्र तेव्हा झटका बसू शकतो हे मान्य. छतात हात घालण्याआधी ॲम्प बंद करा.

सगळ्यात घातक सल्ला मल्टिमीटरचा. तो फक्त ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याचा डीसी रेझिस्टन्स दाखवतो. वीस जोडले की आकडा फारच कमी येतो, आणि धडधाकट लाईन शॉर्ट समजून उपसली जाते. आवाजासारख्या बदलत्या सिग्नलवर लाईनचे ओहम मोजणारा इम्पीडन्स मीटरच लागतो. तुमच्या ९० वॅटला तो १११ ओहमच्या आसपास दाखवायला हवा. ६०-७० आला तर कोणीतरी टॅप वर चढवलेत. ८ च्या जवळ आला तर एखादा स्पीकर ट्रान्सफॉर्मर वगळून थेट लाईनवर बसवलाय. पूर्ण १०० व्होल्टला तो एकटा १२५० वॅट मागेल, ॲम्पचं प्रोटेक्शन पडेल आणि अख्खं लॉज गप्प होईल. अशा वेळी लाईन मधोमध सोडा आणि दोन्ही अर्धे वेगळे मोजा. दोष असलेला अर्धा पुन्हा मधे सोडा, चार-पाच फेऱ्यांत स्पीकर सापडतो.

आणि एका जागेपुढचे सगळे स्पीकर खरखरून बंद पडले, तर ॲम्पला हात लावू नका. खाऱ्या हवेने तांबं हिरवं पडून तिथला जोड सुटलेला असतो. पिळून टेप मारलेले जोड काढा आणि बंद डबीत स्क्रू कनेक्टर घाला.