प्रतिक्रियेला उत्तर: कॅलेंडर गिटमध्ये ठेवणं हा ‘शौक’ आहे का?

पोस्ट कधी प्रसिद्ध करायच्या याचं कॅलेंडर शीटऐवजी गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदल ‘कमिट’ म्हणून नोंदवणाऱ्या साधनात ठेवा, असं मी लेखात सुचवलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

> "शीटमध्ये व्हर्जन हिस्टरी असतेच. तारखांच्या यादीसाठी गिट वापरणं हा निव्वळ प्रोग्रामरी शौक आहे. एक्सेलने CSV सेव्ह केली की डिफ वाचता येत नाही, तेही लेखात नाही. लिहिणाऱ्यांनी टर्मिनल शिकायचं का?"

‘शौक’ हा शब्द जरा झोंबला. मी प्रोग्रामर नाही. अकरा वर्षं संपादनात गेली आणि टर्मिनल पहिल्यांदा उघडलं ते चाळिशीनंतर, तेही हात पोळल्यावर.

एक्सेलचं म्हणणं मान्य, ते लेखात हवं होतं. `2024-09-10` चं `10/09/2024` होतं आणि न शिवलेल्या ओळीही बदललेल्या दिसतात. एकच ओळ बदलून `git diff --stat` साठ ओळी सांगत असेल, तर कमिट करू नका. पुढे?

‘हिस्टरी असतेच.’ असते हो! तिच्याच भरवशावर होतो आम्ही. एका सोमवारी कुणीतरी सप्टेंबरच्या चौदा पोस्ट आठवडाभर पुढे सरकवल्या. कळलं बुधवारी. तोवर तिघांनी ऑक्टोबरच्या ओळी भरून ठेवल्या होत्या. सोमवारच्या बदलाआधीची आवृत्ती रिस्टोअर केली, तर तारखा जागेवर येतात पण ऑक्टोबर गायब होतो, कारण रिस्टोअर अख्खी फाइल मागे नेतं. शेवटी जुनी आवृत्ती शेजारी उघडून चौदा तारखा हाताने उतरवल्या. त्यातली एक चुकलीच, आणि ती पोस्ट सणानंतर गेली. तेव्हा तुमच्यासारखं शांतपणे ‘असतेच’ म्हणणारं कुणी शेजारी नव्हतं.

पुढच्या वर्षी जवळपास तोच घोळ झाला, पण तेव्हा कॅलेंडर गिटमध्ये होतं. यादीतून त्या बदलाच्या कमिटचा क्रमांक शोधला आणि तो उलटवला:

```
git log --oneline -- calendar.csv
git revert 4e1c9a7
```

`revert` फाइल मागे नेत नाही. त्या एका कमिटच्या उलटा नवा कमिट करतो. चौदा तारखा परतल्या, नंतरच्या ओळींना धक्काही लागला नाही आणि चूकही इतिहासात राहिली. मात्र त्या कमिटमध्ये तारखांचाच बदल होता म्हणून हे जमलं. ‘किरकोळ दुरुस्त्या’ म्हणून दहा गोष्टी एकत्र कमिट केल्या असत्या, तर दहाही उलटल्या असत्या.

खरा नेमका प्रश्न तुम्ही विचारलाच नाहीत, तो मीच विचारतो. त्या चौदांपैकी एका ओळीचं शीर्षक मधल्या काळात कुणी बदललं असतं तर? सलग ओळी असल्याने गिटने चौदाच्या चौदा कॉन्फ्लिक्ट म्हणून समोर टाकल्या असत्या. जुनी तारीख आणि नवं शीर्षक हाताने जुळवावं लागलं असतं. म्हणून आता आम्ही दर पोस्टची वेगळी फाइल ठेवतो. तिथे असा कॉन्फ्लिक्ट झालाच तर एकाच फाइलपुरता.

टर्मिनलचं म्हणाल, तर आमचे लेखक ब्राउझरमध्येच फाइल बदलतात आणि कमिट करतात. `revert` मी करतो. आणि प्रसिद्ध होऊन गेलेली पोस्ट त्याने मागे येत नाही. ती वेबसाइटवरून आपल्यालाच काढावी लागते.