कठड्यावर डोकं आपटणारं बाळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

«डॉक्टर, मुलांच्या झोपेतल्या हालचालींबद्दल "बहुतेक वेळा काळजीचं कारण नसतं" असं लिहून तुम्ही मोकळे झालात. माझ्या बहिणीच्या बाळाबद्दलही घरात सगळे हेच म्हणत होते आणि शेवटी ते फिटचे झटके निघाले. आमचा १४ महिन्यांचा मुलगा रोज रात्री कॉटच्या कठड्यावर डोकं आपटतो. एवढं आपटून मेंदूला काही होत नाही, हे पटत नाही. वर ५ वर्षांची मुलगी झोपेत चालते. यातलं काय सोडून द्यायचं ते सांगा.»

नमस्कार ताई,

बहिणीचं बाळ तेव्हा किती महिन्यांचं होतं, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज, वर्षाच्या आतलं असावं. त्या वयात एक फिट अशी येते की ती घरात कुणालाच फिट वाटत नाही. साधारण ३ ते ८ महिन्यांचं बाळ झोपेतून उठतं, अचानक मान पुढे झुकते, दोन्ही हात वर फेकल्यासारखे होतात, क्षणभर अंग आखडतं आणि सुटतं. काही सेकंदांनी पुन्हा तेच. असे झटके ओळीने येत राहतात आणि मधेमधे बाळ रडतं. आजी म्हणते पोटात दुखतंय, कुणी म्हणतं दचकतंय. याला इन्फंटाइल स्पाझम म्हणतात. यात आठवडाभर वाट पाहणंही महागात पडतं, कारण उपचार लांबले की बाळाची वाढ मागे पडण्याचा धोका वाढतो. त्याच दिवशी व्हिडिओ घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे जायचं आणि मेंदूतल्या विद्युत लहरी नोंदवणारा ईईजी करून घ्यायचा.

आता तुमच्या मुलाकडे येऊ. ओपीडीत आई-बाबा मोबाइलवर दाखवतात ते चित्र बहुतेक वेळा असं असतं: दिवे मालवलेले, बाळ हातापायांवर ओणवं होऊन पुढे-मागे डोलतंय, कपाळ कठड्याला लागतंय, सेकंदाला साधारण एकदा, एका लयीत. आईने नावाने हाक मारली की थांबतं, वळून बघतं, कधी हसतंही, आणि ती गप्प झाली की पुन्हा सुरू. पाच-दहा मिनिटांत झोप लागते. मला यात तीन गोष्टी बघायच्या असतात: झोप लागतानाच होतं का, लय एकसारखी आहे का आणि हाकेने थांबतं का. स्पाझम हाकेने थांबत नाहीत, उचलून घेतलं तरी थांबत नाहीत. नऊ महिन्यांच्या आसपास निम्म्याहून जास्त बाळं डोलणं, मान हलवणं किंवा डोकं आपटणं यातलं काहीतरी करतात. ५ वर्षांपर्यंत ते फारच थोड्यांत उरतं.

मेंदूचं म्हणाल तर आवाज मोठा येतो, कारण कॉट पोकळ असते. एरवी निरोगी असलेलं मूल इतक्या जोराने आपटत नाही की मेंदूला इजा व्हावी. कपाळावर लाल डाग पडतो, क्वचित टेंगूळ येतं. कॉटचे स्क्रू मात्र ढिले होतात, ते दर आठवड्याला तपासा. कठड्याला उशा लावू नका, वर्षाच्या आतल्या बाळाचा त्यात श्वास कोंडू शकतो. कॉट भिंतीपासून जरा लांब सरकवा म्हणजे शेजारीही झोपतील. प्रत्येक वेळी धावत जाऊन उचललंत, तर आपटलं की आई येते एवढं तो नक्की शिकेल.

मी सोडून द्या म्हणणार नाही तो प्रकार वेगळा. दिवसाही खेळणं टाकून डोकं आपटणं, नावाला प्रतिसाद नसणं, नजरेला नजर न देणं, आलेले शब्द गळणं, जखम होईपर्यंत आपटणं. यातलं काही असेल तर विकासाची तपासणी लगेच करून घ्या. झोपेत रोज घोरत असेल तर तेही सांगा.

मुलीचं चालणं ही गाढ झोपेतली अर्धवट जाग असते. म्हणून ते बहुधा झोपल्यावर एक-दोन तासांत होतं आणि सकाळी तिला काहीच आठवत नाही. तुम्हाला किंवा तिच्या बाबांना लहानपणी ही सवय होती का, हे आजीला विचारा. बऱ्याचदा उत्तर हो येतं. हलवून उठवू नका. त्याने अनर्थ होत नाही, पण ती गोंधळते आणि ढकलून देते. खांद्याला हात लावून हळूच अंथरुणाकडे वळवा. बाल्कनी आणि बाहेरच्या दाराला वरची कडी लावा, बंकबेडवर वर झोपवू नका. अपुरी झोप, ताप आणि तुंबलेली लघवी यांनी हे वाढतं, त्यामुळे तिला अर्धा तास आधी झोपवून बघा. रोज ठरावीक वेळेलाच उठत असेल, तर त्याच्या १५ ते ३० मिनिटं आधी तिला हलकेच जागं करून पुन्हा झोपवायचं, असं काही आठवडे केलं की बऱ्याच मुलांचं थांबतं.

पण एका रात्रीत अनेकदा, पहाटेकडे, दर वेळी अगदी त्याच हालचाली, अंग ताठ होणं किंवा एका बाजूचाच हात-पाय झटकणं दिसलं, तर फिटची शंका घ्यावी लागते. पांघरूण बाजूला करून पूर्ण अंग दिसेल असा व्हिडिओ काढा, मधे एकदा नावाने हाक मारा आणि घड्याळातली वेळ मोठ्याने बोला. मला तेवढं पुरतं.