बीपी घेताना गप्पा नकोत, सुईच्या वेळी हव्यात

"दवाखान्यात गेलं की छाती धडधडते? मग आत शिरल्यापासून सिस्टर आणि डॉक्टरांशी गप्पा सुरू करा आणि थांबू नका. बीपी मोजताना बोलत राहिलं की बीपी नॉर्मल येतं, सुई टोचलेली कळत नाही आणि ओळख झाली की डॉक्टर नीट बघतात. सगळ्यांना पाठवा."

मी ओपीडीत सिस्टर आहे. चार शब्द बोलल्यावर माणसाचा चेहरा सैल पडतो, हे रोज बघते. तरी हा मेसेज वाचून मला काळजी वाटली.

बीपीच्या बाबतीत तो साफ उलटा आहे. बोलताना बीपी चढतं. विषय पावसाचा असो की नातवाचा, वरचा आकडा दहाने किंवा त्याहून जास्त वर जाऊ शकतो. मागे पन्नाशीतले एक काका जिना चढून आले, बसल्या बसल्या दंड पुढे केला आणि उसाचं बिल कसं रखडलंय ते सांगू लागले. आकडा आला 154/94. मी पट्टा सोडला आणि म्हटलं, "काका, आधी लघवीला जाऊन या, मग पाच मिनिटं काही बोलू नका." पाठ खुर्चीला टेकवली, मांडीवरची मांडी काढायला लावली, हात टेबलावर ठेवून दंड छातीच्या पातळीला आणला, घट्ट गुंडाळलेली बाही काढायला सांगितली. मग 138/86 आणि मिनिटभराने 136/84. पहिल्याच आकड्यावर विसंबलो असतो, तर कदाचित नको असलेली गोळी मागे लागली असती. पट्टा फुगत असताना आम्हीही बोलायचं नसतं. सिस्टरने काही विचारलं तर "झाल्यावर सांगतो" म्हणायला अजिबात संकोच नको.

धडधड खाली आणतो तो वेळ. इटलीतल्या मिलानच्या डॉक्टर ज्युसेप्पे मान्चा यांच्या गटाने 1983 मध्ये रुग्णांचं बीपी सलग नोंदवत ठेवलं. डॉक्टर खोलीत आल्यावर पहिल्या काही मिनिटांत वरचा आकडा सरासरी 27च्या आसपास चढला आणि पुढे आपोआप उतरू लागला. 1987 मध्ये त्यांना असंही दिसलं की नर्सने बीपी घेतलं तर हा चढ साधारण निम्माच असतो. म्हणून गप्पा मारायच्याच असतील तर केसपेपर काढताना, वजन करताना मारा. "सिस्टर, आज गर्दी फार दिसतेय, चहा तरी झाला का?" एवढं पुरतं. मग पाच मिनिटं शांत बसा.

सुईचं म्हणणं मात्र बरंचसं खरं आहे. लक्ष दुसरीकडे गेलं की टोचणं कमी जाणवतं, आणि आम्हीही मुद्दाम "गाव कुठलं?" विचारतो. त्यामागे आणखी एक कारण आहे: बोलणारा माणूस मध्येच थांबला, जांभया देऊ लागला, कपाळावर घाम आला, की त्याला घेरी येतेय हे आम्हाला कळतं. रक्त बघून चक्कर येणाऱ्यांचं बीपी एकदम पडतं. त्यांना नुसत्या गप्पा पुरत नाहीत. त्यांनी बाही वर करण्याआधीच सांगावं, "सिस्टर, मला मागे चक्कर आली होती, आडवं होऊन रक्त घ्या." शिवाय मांड्या, पोटऱ्या आणि पोट दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचं, अर्धा मिनिट सोडायचं, असं पाच वेळा करायचं. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ लार्स-योरान अस्ट यांनी 1980च्या दशकात ही पद्धत रूढ केली. तिने बीपी टिकून राहतं. सुईचा हात तेवढा सैल ठेवायचा.

डॉक्टरांसमोरचा वेळ थोडा असतो. अमेरिकेत 1984 साली 74 भेटी तपासल्या, तेव्हा रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर सरासरी 18 सेकंदांत डॉक्टरांनी मध्ये तोंड घातलेलं दिसलं. ती पहिली वाक्यं हवापाण्यात गेली की छातीतली कळ दाराशी पोचल्यावर आठवते. सुरुवात अशी करावी: "नमस्कार डॉक्टर. दवाखान्यात आलं की मला फार धाकधूक होते. आज दोन गोष्टी दाखवायच्यात, चालताना दम लागतो आणि पाय सुजतात." धाकधूक बोलून दाखवली की ती हलकी होते, आणि चढलेलं बीपी कशामुळे असू शकतं याचा डॉक्टरांनाही अंदाज येतो. छातीला स्टेथोस्कोप लावला की गप्प. आपला आवाज हृदयाचे बारीक आवाज झाकतो.

दवाखान्यातच बीपी चढतंय असं वाटलं, तर घरी दंडाच्या मशीनवर सात दिवस सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी दोन-दोनदा मोजा. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. 135/85 किंवा वर आली, तर ती धाकधूक नव्हे, वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि 180/120च्या वर आकडा असून छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर सात दिवस थांबू नका, त्याच क्षणी इमर्जन्सीत जा.