पावसात ठाणे-नाशिकला साडेचार तास का धरायचे?

"मुसळधार पावसात ठाणे-नाशिकला साडेचार तास धरा म्हणता, हे जरा अतीच होतं. मी गेल्या जुलैत रविवारी पहाटे सहाला निघालो. कसाऱ्याला समोरचं दिसत नव्हतं, तरी सव्वातीन तासांत पोचलो. लोकांना उगाच कशाला घाबरवता?"

तुमचे सव्वातीन तास मला अगदी पटतात. पण ते मिळाले पहाटे सहामुळे आणि रविवारमुळे. साधारण वेग धरून हिशेब मांडतो, पाहा.

माजिवडा ते वडपे हा पट्टा जेमतेम 24 किमीचा. कोरड्या दिवशी तिथे पस्तीस मिनिटं लागतात. पावसाळी सकाळी नऊला निघालात, तर साकेत-खारेगावचे खाडीपूल, खड्डे आणि कंटेनरच्या रांगा यांत वेग पंधरावर येतो आणि दीड तास जातो. म्हणजे पंचावन्न मिनिटं इथेच गेली. पुढे वडपे ते कसाऱ्याचा पायथा, पाऊस असला तरी पंधरा-वीस मिनिटंच वाढतात. इगतपुरी-घोटीनंतर अजून दहा-पंधरा.

आता घाट. 30 मीटरवर दिसेनासं होत असेल, तर ओल्या रस्त्यावर ताशी 40 ने जाणारी गाडी तेवढ्यात थांबत नाही. 30 ने जाणारी थांबते. म्हणून पंचवीस-तीसच. शिवाय पुढे चढणीवर ट्रक असतोच, तेव्हा सरासरी वीस धरा. दहा-एक किमीला तेराऐवजी तीस मिनिटं. जीव मुठीत धरून चालवलेल्या घाटाने खाल्ली फक्त सतरा मिनिटं! (थांबून राहण्यातही अर्थ नाही. हिवाळी धुकं ऊन चढलं की विरतं. पावसाळ्यात घाटात ढगच उतरलेला असतो, तो दुपारीही हलत नाही.)

कोरड्या दिवशीच्या सुमारे सव्वादोन तासांत ही वाढ मिळवली की सगळी बेरीज चार तासांची, वर चहापाण्याचा अर्धा तास. समृद्धीने जा, असं कुणी सुचवेल. जून 2025 पासून आमणे ते इगतपुरी टप्पा खुला आहे, बोगद्यामुळे कसारा टळतो, खरंय. पण आमण्यापर्यंत पोचायला तोच माजिवड्याचा पट्टा पार करावा लागतो.

पाणी साचलेल्या रस्त्याचा हिशेब मात्र मिनिटांत होत नाही. महामार्ग तुंबला की मोबाइलवरचा नकाशा कधीकधी भिवंडीतून आतला रस्ता सुचवतो, कारण तिथे गाड्या कमी दिसतात. कामवारी नदीला पूर आलेला असेल, तर गाड्या कमी असण्याचं कारण पाणीच असू शकतं. अशा दिवशी मी आत वळत नाही, रांगेतच राहतो.

नाशिकला कुणी वाट पाहत असेल, तर घरातून निघताना वेळ कळवू नका. वडपे ओलांडलं की फोन करा, म्हणजे गाडी चालवणाऱ्याने नव्हे, शेजारी बसलेल्याने.