नऊची ‘जादू’ आणि अकराची उधारी

‘नऊ हा जादूचा आकडा आहे!! कुठल्याही संख्येच्या अंकांची बेरीज करा, त्या बेरजेला ३, ९, ११, ज्याने भाग जाईल त्याने मूळ संख्येलाही जाणारच. गुणाकार पण असाच तपासा, बेरीज जुळली की उत्तर १००% बरोबर. शाळेत हे शिकवत नाहीत, पुढे पाठवा.’

हा फोनवर फिरणारा मेसेज. आधी त्यातलं शाळेचं उरकून टाकू. शिकवतात की. ‘विभाज्यतेच्या कसोट्या’ म्हणून धडाच असतो, फक्त त्यात नियम पाठ करून घेतात आणि तो का चालतो हे बऱ्याचदा राहून जातं, मग पंचवीस वर्षांनी तोच नियम जादू म्हणून फोनवर येतो.

तर जादूचं बघू. समजा ४७५२ रुपये नऊ जणांत वाटायचेत, आणि तुमच्याकडे हजाराचे ४ गठ्ठे, शंभराच्या ७ नोटा, दहाच्या ५ आणि २ रुपये सुट्टे आहेत. एका हजारातले ९९९ सरळ वाटले जातात, प्रत्येकाला १११, आणि १ रुपया उरतो. शंभरातले ९९ वाटले की प्रत्येकाला ११, परत १ उरतो. दहातले ९ गेले, १ उरला. म्हणजे प्रत्येक गठ्ठ्यामागे, प्रत्येक नोटेमागे बरोबर एकेक रुपया मागे राहतो, मग ती दहाची असो, शंभराची की हजाराची! हजाराचे ४, शंभराचे ७, दहाचे ५ आणि सुट्टे २, एकूण उरले १८. ही उरलेली रक्कम म्हणजेच अंकांची बेरीज, दुसरं काही नाही. १८ नऊ जणांत वाटले जातात म्हणून ४७५२ पण वाटले जातात, प्रत्येकी ५२८. ४७५३ असते तर १९ उरले असते, म्हणजे बाकी १. कसोटी नुसतं हो-नाही नाही सांगत, बाकीसुद्धा सांगते. ३ ला हे चालतं कारण ९, ९९, ९९९ सगळ्यांना ३ ने भाग जातोच.

आणि नऊचा मान कशामुळे, तर आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून. उद्या आठाच्या पटीत संख्या लिहायला लागलो तर हाच मान सातला मिळेल.

आता ११, इथे तो मेसेज सरळसरळ चुकलाय. २९ घ्या, बेरीज ११, पण २९ ला ११ ने भाग जातो का? आणि १२१ ला जातो तर त्याची बेरीज ४. कारण तेच वाटप अकरा जणांत करून बघा: दहाच्या नोटेत अकरा जणांना एकेक रुपया द्यायला १ कमी पडतो, शंभरात ९९ जाऊन १ उरतो, हजारात परत उलटं, १००१ हवे असतात (प्रत्येकी ९१) म्हणून १ कमी. एकदा शिल्लक, एकदा उधारी. म्हणून एककापासून सुरुवात करून एक अंक मिळवायचा, पुढचा वजा करायचा: २ − ५ + ७ − ४ = ०. हिशेब चुकता, ४७५२ ला ११ ने भाग जातो, ४३२ येतात. शून्यच यायला हवं असं नाही हां, ही एक नेहमीची चूक. ९१८०८२ मध्ये २ − ८ + ० − ८ + १ − ९ = −२२ येतं, त्याला ११ ने भाग जातो म्हणून मूळ संख्येलाही जातो.

राहिला गुणाकार, आणि हे खरं धोक्याचं आहे. ४७ × ८६ = ४०४२. बेरजेने तपासू: ४७ चे ११, त्याचे २. ८६ चे १४, त्याचे ५. २ × ५ = १०, म्हणजे १, आणि ४०४२ चे पण १०, म्हणजे १. जुळलं. पण घाईत कोणी ४४०२ लिहिलं तर? बेरीज तीच, १०, आणि चुकीचं उत्तर बिनधास्त पास. अंकांची जागा बदलली तरी बेरीज बदलत नाही, आणि हाताने आकडे उतरवताना ही चूक नेहमी होते. आमच्या दुकानाची खतावणी लिहिणारे काका हेच उलटं वापरायचे, मेळ बसला नाही आणि फरकाला ९ ने भाग गेला की म्हणायचे, ‘कुठेतरी आकडे उलटे पडलेत, शोधा.’ इथेही ४४०२ − ४०४२ = ३६०, म्हणजे ९ × ४०.

अकराची कसोटी ही चूक पकडते. ४७ चे ७ − ४ = ३, ८६ चे ६ − ८ = −२, गुणाकार −६. ४०४२ चे २ − ४ + ० − ४ = −६, बरोबर. ४४०२ चे २ − ० + ४ − ४ = २, आणि २ व −६ मधला फरक ८, त्याला ११ ने भाग जात नाही, पकडले गेले. शेजारशेजारचे दोन वेगळे अंक अदलाबदल झाले की ही कसोटी ओरडतेच. पण एक सोडून एक अंक बदलले, ४७५२ चे ५७४२ झाले, तर हिलाही कळत नाही, ५७४२ ला पण ११ ने भाग जातो. म्हणून नाही जुळलं तर उत्तर नक्की चूक, जुळलं तर फक्त ‘कदाचित बरोबर’.