तीस मिनिटांत माणूस गप्प कसा करावा

आपल्या हाताखाली सात माणसे असतील आणि प्रत्येकाशी आठवड्यातून एकदा अर्धा तास एकट्याने बोलण्याचे फर्मान वरून सुटले असेल, तर आठवड्याचे साडेतीन तास हातचे गेले, हे आधी शांतपणे मान्य करावे. फर्मान मोडण्याची काहीच गरज नाही. ही वन-टू-वन बैठक नियमाने घेऊनही अशी चालवता येते की दोन-अडीच महिन्यांत समोरचा माणूस महत्त्वाचे काही सांगण्याचा नाद आपणहून सोडतो आणि बैठका झाल्याची नोंद मात्र अगदी चोख राहते. मी ही कला पुरते एक वर्ष नकळत आचरली, त्यामुळे पुढील मार्गदर्शन अनुभवाचे आहे.

समजा, आपल्या गटात एक अनुभवी बाई आहेत. दर सोमवारी दुसऱ्या गटाकडून त्यांच्याकडे अहवालासाठी माहिती येते आणि ती नेहमी अर्धवट असते. मग त्या दहा जणांना फोन करून रिकाम्या जागा भरून घेतात, यात त्यांचा जवळजवळ अर्धा दिवस जातो, आणि अहवाल वेळेवर निघत असल्यामुळे या अर्ध्या दिवसाचा पत्ता कोणालाच नसतो. असा पत्ता लागण्याची एकमेव जागा म्हणजे आपली बैठक, म्हणून तिथे फार सावध राहावे लागते.

पहिल्या बैठकीची सुरुवात “हं, कामं कुठवर आली?” या प्रश्नाने करावी. सगळ्या कामांची स्थिती आपल्या समोरच्या बोर्डावर आधीच लिहिलेली असते, हे खरे. परंतु ती त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकण्यात वीस मिनिटे सहज जातात आणि कोणालाही अवघडल्यासारखे वाटत नाही. मनात काही खुपत असलेला माणूस ते पहिल्या मिनिटाला कधीच बोलत नाही. त्याला थोडे रेंगाळायला, दोन वाक्ये अर्धवट टाकायला वेळ लागतो, आणि नेमका तोच वेळ कामांच्या यादीने भरून टाकायचा असतो. इंटेलचे अँडी ग्रोव्ह यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवले आहे की ही बैठक हाताखालच्या माणसाची असते, विषय त्याने ठरवायचे असतात, आणि तासाहून कमी वेळ दिला तर तो पटकन उरकतील असेच विषय काढतो. आपल्याला अर्धाच तास मिळाला आहे आणि विषयही आपणच ठरवतो आहोत, म्हणजे निम्मे काम आपसूक झाले.

तरीही अठ्ठाविसाव्या मिनिटाला, खुर्ची मागे सारताना, बाई म्हणतील, “तसं एक होतं… ते सोमवारच्या माहितीचं जरा…” बैठकीतले सर्वांत महत्त्वाचे वाक्य बहुधा असेच, दाराशी पोहोचता पोहोचता येते. इथे बसून घेण्याचा मोह टाळावा. “पुढच्या वेळी याच्यापासूनच सुरुवात करू” असे तर चुकूनही म्हणू नये. घड्याळाकडे पाहून फक्त “बघतो मी” एवढेच म्हणावे.

“बघतो” या शब्दाची थोरवी अशी की त्यात तारीख नसते, कोणाशी बोलणार ते नसते, आणि होकार किंवा नकार यांपैकी काहीच नसते. दोघांनाही उघडता येईल अशा टिपणात “बुधवारपर्यंत त्या गटाच्या प्रमुखांशी बोलणे, जबाबदारी माझी” अशी एक ओळ लिहिली असती, तर पुढल्या आठवड्यात ते टिपण उघडताच तीच ओळ पहिली दिसली असती. टिपण ठेवायचेच असेल, तर त्यांनी काय काय करायचे तेवढे लिहावे. आपण काय करायचे ते स्मरणशक्तीवर सोपवावे.

दुसऱ्या आठवड्यात बाई वाट पाहतील. आपण तो विषय काढू नये. त्याही काढणार नाहीत, कारण साहेबांना आठवण करून देणे म्हणजे भुणभुण, अशी त्यांची समजूत असते. तिसऱ्या आठवड्यात बैठकीला दहा मिनिटे उरली असताना “आज विशेष काही नाही ना? मग राहू द्या” असा निरोप धाडावा. बैठक दुसऱ्या दिवसावर ढकलली, तर आपल्याला त्यांच्याशी खरोखर बोलायचे आहे असा गैरसमज पसरतो.

चौथ्या आठवड्यात त्या धीर करून सगळे सांगतील आणि खरे कौशल्य तेव्हाच लागते. त्यांचे वाक्य संपण्याआधी उपाय द्यावा: “त्यांना मेल टाका, मला कॉपीत ठेवा.” असे चार मेल त्यांनी आधीच टाकलेले असतात, आणि “आतापर्यंत काय काय करून पाहिलंत?” एवढे विचारले असते तर ते कळलेही असते, म्हणूनच ते विचारू नये. प्रश्न विचारून मनातल्या मनात दहा आकडे मोजत गप्प राहणे तर त्याहून घातक. त्या शांततेत माणूस आधी ठरवलेले बोलून संपवतो आणि मग न ठरवलेले बोलू लागतो.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. आपण त्या प्रमुखांशी खरोखर बोललो, त्यांनी तीन महिने तरी काही बदलता येणार नाही असे सांगितले, आणि आपण ते जसेच्या तसे बाईंना कळवले, तरी सगळा खेळ बिघडतो. प्रश्न सुटलेला नसतो, पण तो कुठे अडला आहे हे त्यांना कळते. मग सोमवारचे दुसरे एखादे काम कमी करून घेण्याचा विचार त्या मांडतात आणि बैठकीला भलतेच वळण लागते.

पाचव्या आठवड्यापासून फळे दिसू लागतात. “सगळं ठीक?” “हो, ठीक.” बैठक बारा मिनिटांत आटोपते. त्यांनी स्वतःहून काढलेला शेवटचा विषय कोणता, हे आठवू लागलो तर आठवत नाही. याला सुरळीतपणा समजावे आणि वाचलेली अठरा मिनिटे दुसऱ्या बैठकीला द्यावीत. आपले बोलणे किती आणि त्यांचे किती, याचा अंदाज कधीही घेऊ नये.

दहाव्या आठवड्यात बाई राजीनामा देतील. कारण विचारल्यास “चांगली संधी मिळाली, सर” असे हसून सांगतील, आणि आपण “आधी बोलला असतात तर काहीतरी केलं असतं” असे मनापासून म्हणावे. ते खोटे वाटत नाही, कारण तोवर आपण सगळे खरोखर विसरलेलो असतो. त्या गेल्यावर पहिल्याच सोमवारी अहवाल अडतो आणि त्या अर्ध्या दिवसाचा शोध लागतो. तो नव्या माणसाच्या संथपणावर ढकलावा.

कॅलेंडरमधली बैठक पुसू नये, फक्त नाव बदलावे. नवा माणूस पहिल्या बैठकीत वीस मिनिटे कामांची स्थिती सांगेल, आठ मिनिटे आपले ऐकेल, आणि उठता उठता विचारेल, “सोमवारची माहिती नेहमी अशीच अर्धवट येते का?”

तेव्हा घड्याळाकडे पाहावे.